इथला दोन, गावाकडचा चार

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस, व्याख्यान देणे हा माझा प्रांत नव्हे. पण मग म्हटले, एका आकड्याबद्दल मला थोडेफार सांगता येईल. आपल्या पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिन असतो, त्यातल्या अगदी पहिल्या आकड्याबद्दल.

इथे बसलेल्या जवळपास प्रत्येकाला दोन पिन पाठ असणार. एक इथला आणि एक गावाकडचा. आम्ही माणकनगरचे, म्हणजे २२६०११. कोणी गोमतीनगरचे असतील तर २२६०१०, कोणी आलमबागचे असतील तर २२६००५. इथला पिन कोणाचाही असो, सुरुवात दोनने. आणि गावाकडचा? पुणे असो, नागपूर असो, जळगाव असो की रत्नागिरी, सुरुवात चारने. आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांचे सगळे येणे-जाणे या दोन आणि चारच्या मध्ये चालते. त्या चारने आमच्या घरी एकदा काय केले, तेच आज सांगणार आहे.

२००९ सालची गोष्ट. आई गेल्यानंतर नाना, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे लखनौला राहायला आले होते. ते औरंगाबादच्या जिल्हा परिषद शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन तिथल्याच बँकेत जमा होई. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला पाठवावा लागतो हे आपल्यातल्या ज्येष्ठांना माहीतच आहे. आता तो डिजिटलही देता येतो. तेव्हा मात्र फॉर्म भरायचा, अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यायचा आणि पाकिटात घालून पाठवायचा.

नानांनी पाकिटावर पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला. बँकेचे नाव, शाखा, खाली औरंगाबाद आणि पिन ४३१००१. राज्याचे नाव त्यांनी लिहिले नाही, आजवर कधी लिहिलेही नव्हते. मी ते पाकीट ऑफिसला जाताना पेटीत टाकले. रजिस्टर वगैरे केले नाही. पाच रुपयांचे तिकीट लावले आणि विसरून गेलो. तारीख होती १२ नोव्हेंबर.

डिसेंबरची पेन्शन जमा झाली नाही. नानांची पैशांवाचून अडचण झाली असे नाही, मी होतोच. पण ते दोन दिवस जेवायला बसले की ताटाकडे बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अरे, पैसे थांबवले म्हणजे मी गेलो असंच धरलं ना त्यांनी?" मी काय उत्तर देणार? औरंगाबादच्या चुलतभावाला फोन केला. तो बँकेत जाऊन आला आणि म्हणाला, "दादा, इथे दाखला आलेलाच नाही." मग नवा फॉर्म, पुन्हा सही-शिक्का, आणि या वेळी स्पीड पोस्ट. फेब्रुवारीत थकबाकीसह पैसे आले.

पहिले पाकीट मात्र हरवले नव्हते. ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बँकेत पोचले. भावाने ते मागून घेतले आणि मे महिन्यात आम्ही गावी गेलो तेव्हा माझ्या हातात दिले. त्या पाकिटावर शिक्का होता बिहारमधल्या औरंगाबादचा.

आता हे कसे झाले ते नीट समजून घेऊ, कारण यात पिनचे सगळे मर्म आहे.

पिन हा घराला दिलेला अनुक्रमांक नव्हे. तो डावीकडून उजवीकडे वाचायचा रस्ता आहे. पहिला आकडा म्हणजे देशाचा एक मोठा टपाल विभाग. दुसरा त्या विभागातला उपविभाग. पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, म्हणजे त्या भागाचे टपाल जिथे एकत्र येऊन वेगळे केले जाते तो टापू. आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे पत्र वाटणारे प्रत्यक्ष टपाल कार्यालय. ज्येष्ठांना आठवत असेल, पूर्वी मोठ्या शहरांत "पुणे ३०", "मुंबई २८" असे लिहीत. ते ३० आणि २८ आजही पिनच्या शेवटी बसलेले आहेत, ४११०३० आणि ४०००२८. शहराच्या आतला आकडा जुनाच राहिला आणि त्याच्यापुढे देश जोडला गेला.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे गृहस्थ मराठी होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे नामवंत कवीही होते. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की देशात एकाच नावाची गावे अनेक आहेत, आणि पत्ते निरनिराळ्या भाषांत, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले येतात. मग नाव वाचता आले नाही तरी, किंवा एका नावाची चार गावे असली तरी, पत्राला दिशा कळावी म्हणून आकडे आले.

विभाग नऊ आहेत. आठ भूभागाचे, आणि नववा लष्करी टपालाचा. त्यांचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. दिल्लीपासून फेरा काढायला निघा. दिल्ली, हरियाणा, पंजाब, हिमाचल, जम्मू-काश्मीर, लडाख हा एक. आपला उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड दोन. तिथून पश्चिमेला राजस्थान आणि गुजरात तीन. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड चार. कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण पाच. तमिळनाडू आणि केरळ सहा. मग पूर्व किनाऱ्याने वर येऊन ओडिशा, पश्चिम बंगाल आणि सगळा ईशान्य भारत सात. शेवटी बिहार आणि झारखंड आठ. म्हणजे फेरा पुन्हा आपल्या दाराशीच येऊन थांबतो. लखनौच्या दृष्टीने पाहिले तर आठ हा आकडा दोनपासून लांब आहे, पण आठचा मुलूख अगदी शेजारी आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हा पहिला आकडा किती मोठा मुलूख कवेत घेतो हे पाहायचे असेल तर पुष्पक एक्सप्रेसने मुंबईला जाताना पाहा. लखनौ २२६, कानपूर २०८, ओराई २८५, झाशी २८४, ललितपूर २८४. इथवर दोन. झाशी आणि ललितपूरच्या दरम्यान सीमा इतकी वेडीवाकडी आहे की मध्येच मध्य प्रदेशाचा एक तुकडा लागून जातो, तो सोडून देऊ. ललितपूर मागे पडले की बिना येते, ४७०. झाला चार. आता गंमत अशी की इथून पुढे थेट मुंबईपर्यंत पहिला आकडा बदलतच नाही. भोपाळ ४६२, इटारसी ४६१, खांडवा ४५०, बुऱ्हाणपूर ४५०, आणि पुढे रावेर ४२५. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे आणि रावेर महाराष्ट्रात. आपण राज्याची सीमा ओलांडतो, पण बदलतो तो दुसरा आकडा. सगळ्या प्रवासात पहिला आकडा बदलतो तो फक्त ललितपूर आणि बिना यांच्या मध्ये. आपल्यासाठी महाराष्ट्र भुसावळला सुरू होत असेल, टपालासाठी घरचा चार बिनालाच लागतो.

आता नानांचे पाकीट. पत्ता त्यांनी देवनागरीत लिहिला होता आणि आकडे इंग्रजी, कारण लखनौला आल्यावर सगळे तसेच लिहितात म्हणून त्यांनीही ती सवय लावून घेतली होती. पण ज्या माणसाने छत्तीस वर्षे फळ्यावर मराठी आकडे काढले, त्याचा हात एका ठिकाणी चुकला. बाकीचे पाच आकडे इंग्रजी आले आणि चार मात्र मराठी आला. मराठी चार म्हणजे वर दोन शिंगे आणि खाली गाठ. घाईत काढला की शिंगांची टोके एकमेकांना भिडतात. आणि ती भिडली की तो हुबेहूब इंग्रजी आठ दिसतो. एरवी लखनौच्या टपालवाल्याला देवनागरी आकडे वाचायला काहीच अडचण नाही. पण शेजारचे पाच इंग्रजी असताना पहिला एकटा मराठी असेल असे कोणाच्या मनात येणार? त्याने वाचले ८३१००१.

आठ म्हणजे बिहारकडचा खण. आता तुम्ही म्हणाल, छाननी करणारा माणूस गावाचे नावही वाचतो ना? वाचतो. पत्र पुण्याचे असते तर आठ आणि पुणे यांचा मेळ बसला नसता, तो थबकला असता, आणि त्याने आठाकडे पुन्हा पाहिले असते. पण गाव होते औरंगाबाद, आणि बिहारलाही औरंगाबाद नावाचे जिल्ह्याचे ठिकाण आहे. त्याचा पिन ८२४१०१. एक औरंगाबाद आपल्याच उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात आहे. म्हणजे तीन औरंगाबाद आणि पहिले आकडे तीन, दोन, चार आणि आठ. त्या तिघांना वेगळे करण्यासाठीच तर तो पहिला आकडा होता, आणि नेमका तोच फसवा निघाला. राज्याचे नाव असते तरी निभावले असते. ते आम्ही लिहिलेच नव्हते.

(आपले औरंगाबाद २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे. पिन ४३१००१ हाच आहे.)

पुढचा भाग आम्हा रेल्वेवाल्यांना लगेच कळेल. छाननी कार्यालयात एका दिशेची पत्रे एकत्र करून गठ्ठा बांधतात, त्यावर चिठ्ठी लावतात, गठ्ठे थैलीत जातात आणि थैलीला सील लागते. त्यानंतर वाटेत आतले एकेक पत्र कोणी वाचत नाही, फक्त थैलीवरची चिठ्ठी वाचली जाते. हे आपल्या मालगाडीसारखे आहे. यार्डात एखादी वाघीण चुकीच्या रेकमध्ये लागली, तर पुढचे ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर सगळे आपापले काम चोख करतात आणि ती वाघीण चोखपणे चुकीच्या गावाला पोचते. चूक कळते ती रेक उघडल्यावरच. म्हणून भुसावळ-मनमाडच्या दिशेला जायचे पत्र बनारसच्या दिशेने पूर्वेला निघाले, आणि कोणाच्याही कामचुकारपणाशिवाय बिहारमध्ये उतरले.

इथे आकड्याच्या जागेचे महत्त्व कळते. समजा नानांचा शेवटचा आकडा चुकला असता, ४३१००१ च्या जागी ४३१००५ झाले असते, तर पत्र औरंगाबादलाच उतरले असते. एका टपाल कार्यालयातून दुसऱ्यात गेले असते, एखाद-दोन दिवस लागले असते.  पण पहिला चुकला म्हणून दुसऱ्या दिशेच्या थैलीत गेले. शंभराच्या नोटेतला एकक चुकला तर रुपयाचे नुकसान, शतक चुकले तर शंभराचे. नाना चौथीच्या मुलांना शिकवत ती स्थानिक किंमत, दुसरे काही नाही.

मग ते पाकीट सुटले कसे? त्याचे उत्तर पाकिटावरच होते. बिहारच्या औरंगाबादला त्या नावाची बँकेची शाखा नसणार. तिथल्या कोणीतरी पिन पुन्हा पाहिला असावा. ८३१ हा जमशेदपूरचा टापू, औरंगाबादचा ८२४. म्हणजे पहिला आकडा गावाशी जुळत होता, पण पुढचे दोन जुळत नव्हते. जुळत नाही म्हटल्यावर त्या माणसाने आठाकडे नीट पाहिले, आणि त्याला शिंगे दिसली. त्याने निळ्या पेन्सिलीने आठाला गोल केला, शेजारी स्वच्छ इंग्रजी चार काढला आणि खाली हिंदीत लिहिले, "महाराष्ट्र". मी त्या माणसाला कधी पाहिले नाही, पण ते पाकीट अजून माझ्याकडे आहे. नानांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "माझा चार या माणसानं ओळखला." बस, एवढेच.

या प्रकरणानंतर मला पहिल्या आकड्याचा नादच लागला, आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. ती इथल्या उत्तराखंडच्या मित्रांसाठी सांगतो. पहिला आकडा म्हणजे राज्य नव्हे. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही तीन राज्ये वेगळी झाली. राजधान्या बदलल्या, गाड्यांच्या नंबरपाट्या बदलल्या, पण पिन बदलले नाहीत. डेहराडून आजही २४८००१, रायपूर ४९२००१, रांची ८३४००१. २०१४ मध्ये तेलंगण झाले, हैदराबाद ५००००१ च राहिले. छत्तीसगडला दुसऱ्या आकड्यावरून तरी ओळखता येते, ४९. पण सहारनपूर घ्या, पिन २४७००१, उत्तर प्रदेश. आणि रुडकी, पिन २४७६६७, उत्तराखंड. पहिले तीनही आकडे सारखे आणि राज्ये दोन! कारण तो छाननीचा एकच टापू होता, आणि राज्याची रेघ नंतर त्याच्यामधून गेली. बिहार-झारखंडमध्ये पहिले दोन आकडे सारखे. ८२४ बिहारमध्ये आणि ८२५ हजारीबागकडचा, म्हणजे झारखंडात.

उलट बाजूने नोएडा पाहा. आपली कितीतरी मुले तिथे नोकरीला आहेत आणि आपण बोलताना "दिल्लीला असतो" म्हणतो. पण नोएडा २०१३०१ आहे, आणि दिल्ली ११०. मेट्रोने दिल्लीची हद्द ओलांडून नोएडात शिरले की पहिला आकडा बदलतो. पत्त्यात दिल्ली लिहिले आणि पिन दोनचा लिहिला, तर नाव एकीकडे ओढते आणि आकडा दुसरीकडे. तेव्हा पिनवरून राज्य ठरवू नये, आणि बोलण्यातल्या गावावरून पिन ठरवू नये. दोन्ही स्वतंत्रपणे बरोबर लिहावेत, म्हणजे एक चुकला तर दुसरा त्याला पकडतो. आमच्या सिग्नलिंगमध्ये एका तपासणीवर कधी विसंबत नाहीत, तसेच हे.

म्हणून आता आमच्या घरात तीन सवयी आहेत. पिनचे सहाही आकडे एकाच लिपीत लिहायचे, मराठी तर सगळे मराठी, इंग्रजी तर सगळे इंग्रजी. नावापुढे जिल्हा आणि राज्य लिहायचे, विशेषतः आपल्या गावाच्या नावाचे गाव दुसरीकडेही असेल तर. हमीरपूर उत्तर प्रदेशात आहे आणि हिमाचलातही. प्रतापगड इथे आहे आणि राजस्थानातही. बिलासपूर छत्तीसगडमध्ये आहे आणि हिमाचलातही. तिसरी सवय स्पीड पोस्टाची. काउंटरवर पिन संगणकात भरला जातो, आणि मिळणाऱ्या पावतीवर पिन व गाव छापलेले असते. पावती खिशात घालण्याआधी पहिला आकडा वाचायचा. गावाकडे पाठवत असाल तर तो चारच हवा. आठ दिसला तर तिथेच थांबा, थैलीला अजून सील लागलेले नाही.

नाना २०१७ साली गेले. तोपर्यंत दर नोव्हेंबरात पाकिटावर पत्ता तेच लिहीत. २००९ नंतर त्यांनी इंग्रजी आकडे सोडून दिले. सगळा पिन मराठीत, एकेक आकडा सुटा, आणि चाराची शिंगे अशी लांब उघडी की त्यांच्यामधून पाकीट टांगता यावे. खाली शाळेतल्या अक्षरात "महाराष्ट्र राज्य". त्यानंतर त्यांचा दाखला एकदाही चुकला नाही.

माझे बोलणे इथेच संपवतो. आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!